हातात पडलेली रक्कम हेच मुद्दल

(स्मृतिव्याख्यानमालेत वर्धा येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी "कर्जाची खरी किंमत" एवढेच कळवले होते. आज तो विषय मी एका प्रश्नापुरता ठेवणार आहे. कर्ज देताना प्रक्रिया शुल्क, त्यावरचा जीएसटी, विम्याचा हप्ता अशा रकमा आधीच कापून घेतल्या, तर कागदावर लिहिलेला व्याजाचा दर खरा राहतो का? राहत नसेल, तर खरा दर किती आणि तो आपला आपल्याला काढता येतो का? आकडे मागच्या पडद्यावर दिसतील. ज्यांच्याकडे कागद-पेन आहे त्यांनी सोबत मांडत चला, म्हणजे तुमच्या घरातल्या कर्जाला ते लगेच लावता येतील.

आर्वी, कारंजा, आष्टी या भागात गायी-म्हशींवर बरीच घरे चालतात. दोन दुभत्या म्हशी घ्यायच्या म्हणून एक बाई एका वित्तसंस्थेकडून एक लाखाचे कर्ज घेते, असे उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबाला सोयीचे धरले आहेत, पण कर्जाचा साचा नेहमीचा आहे. दर साल १८ टक्के, घटत्या शिलकीवर. मुदत २४ महिने. मासिक हप्ता ४,९९२ रुपये. कर्ज मंजूर होते, सह्या होतात आणि खात्यात ९४,६६० रुपये जमा होतात. ती संस्थेच्या माणसाला विचारते, "लाख मंजूर झाले म्हणते ना जी, मग खात्यात चौऱ्याण्णवच कायले आले?" उत्तर मिळते: प्रक्रिया शुल्क ३ टक्के म्हणजे ३,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०, आणि कर्जाशी जोडलेल्या विम्याचे १,८००. एकूण ५,३४० रुपये कापले गेले.

म्हशींचा सौदा लाखाचा ठरलेला असतो. कमी पडलेले पाच हजार ती कुणाकडून तरी उसने आणते, आणि त्या उसन्याचा दर काय असतो हे या सभागृहात सांगायची गरज नाही. ते बाजूला ठेवू. आपण फक्त संस्थेच्या कर्जाकडे पाहू.

आधी सोपे प्रकरण घेऊ, ज्यात हप्ते नाहीत. एखाद्याने पेरणीआधी ५०,००० रुपये १२ टक्क्यांनी एका वर्षासाठी घेतले आणि देताना १,००० कापले. त्याच्या हातात ४९,००० आले. वर्षाने तो ५६,००० देणार. म्हणजे ४९,००० वापरल्याबद्दल ७,००० मोजले. सात हजाराला एकोणपन्नास हजाराने भागा, १४.२९ टक्के येतात. यात दोन गोष्टी घडल्या. कापलेले हजार रुपये खर्चात मिळवले गेले, आणि ज्या रकमेवर दर काढायचा ती रक्कमच हजाराने लहान झाली. जे हजार रुपये या माणसाने कधी हातात धरलेच नाहीत, त्यांच्यावरही तो १२० रुपये व्याज देतो आहे.

हप्त्यांचे कर्ज आले की मात्र असा साधा भागाकार चालत नाही, आणि नेमकी तिथेच माणसाची समजूत घातली जाते. आपल्या बाईंचा हिशेब कुणी असा मांडून दाखवतो: २४ हप्त्यांचे मिळून १,१९,८०८ रुपये होतात, हातात ९४,६६० आले, फरक २५,१४८, दोन वर्षांत लाखावर पंचवीस हजार म्हणजे वर्षाला जेमतेम साडेबारा टक्के. ऐकायला हे अठरापेक्षाही स्वस्त वाटते. चूक अशी, की या हिशेबात दोन वर्षे पूर्ण लाख रुपये तिच्याजवळ होते असे धरले आहे. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यापासून ती पैसे परत करते आहे. वर्षभराने तिच्याकडे निम्म्याच्या आसपास रक्कम उरते आणि तेविसाव्या महिन्यात एका हप्त्याइतकीच. वापर घटत्या रकमेचा आहे, तर दरही घटत्या रकमेवरच काढायला हवा. म्हणून खरा प्रश्न असा मांडावा लागतो: महिन्याचा असा कोणता दर आहे, ज्या दराने ९४,६६० रुपये कर्ज दिले तर ४,९९२ रुपयांच्या बरोबर २४ हप्त्यांत ते शून्यावर येईल?

या प्रश्नाचे उत्तर थेट देणारे बीजगणिती सूत्र नाही. अंदाज घ्यायचा, तपासायचा, सुधारायचा, असेच ते काढावे लागते. महिन्याला दीड टक्का धरून पाहा. त्या दराने ४,९९२ चे २४ हप्ते आज सुमारे ९९,९९२ रुपयांच्या मोलाचे ठरतात, म्हणजे रुपयांच्या पूर्णांकाचा फरक सोडला तर लाखच. साहजिक आहे, संस्थेने हप्ता त्याच दराने काढला आहे. पण आपल्याला ९४,६६० हवेत, तेव्हा दर वाढवायला हवा. १.९ टक्के धरले की मोल ९५,४९७ येते. अजून जास्तच आहे. २ टक्के धरले की ९४,४१८ येते, म्हणजे आपण थोडे पुढे गेलो. उत्तर या दोहोंच्या मध्ये, दोनच्या जवळ आहे. पूर्वी बँकांतली माणसे छापील कोष्टके घेऊन असेच दोन आकड्यांच्या मधला आकडा काढत. आता हेच काम संगणकातल्या किंवा मोबाइलमधल्या हिशेबाच्या तक्त्यात RATE हे सूत्र करते. कोणत्याही रिकाम्या चौकटीत असे लिहा:

```
=RATE(24, -4992, 94660)
=RATE(24, -4992, 94660)*12
```

पहिली ओळ महिन्याचा दर देते, १.९८ टक्के. दुसरी वर्षाचा देते, २३.७३ टक्के. कागदावर १८ लिहिलेले कर्ज या बाईंना जवळजवळ पावणेचोवीस टक्क्यांना पडले.

कंसातला पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्त्याची रक्कम, तिसरा हातात आलेली रक्कम. सगळी मेख तिसऱ्या आकड्यात आहे. तिथे १,००,००० लिहिले तर सूत्र मुकाट्याने जवळजवळ १८ टक्के दाखवील आणि तुमचा हिशेब संस्थेच्या हिशेबाशी जुळेल. सूत्राला खोटेखरे कळत नाही. मंजूर रक्कम दिली की ते मंजूर रकमेचा दर सांगते, मिळालेली रक्कम दिली की मिळालेल्या रकमेचा.

हा २३.७३ चा आकडा म्हणजे नेमके काय, हे वहीत मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून पहिले दोन महिने मांडून दाखवतो. संस्थेच्या वहीत पहिल्या दिवशी बाकी १,००,०००. पहिल्या हप्त्यातले १,५०० व्याजाला गेले, ३,४९२ मुद्दलात, बाकी ९६,५०८. आता बाईंची स्वतःची वही उघडू. तिथे पहिल्या दिवशी ९४,६६० लिहिलेले आहेत, कारण तेवढेच घरात आले. हप्ता तोच, ४,९९२. महिन्याचा दर १.९७७५ टक्के धरला, तर व्याज १,८७२, मुद्दल ३,१२०, बाकी ९१,५४०. दुसऱ्या महिन्यात व्याज १,८१०, मुद्दल ३,१८२, बाकी ८८,३५८. असे चोवीस ओळी लिहीत जा, शेवटच्या ओळीला बाकी शून्य येते. संस्थेची वही दीड टक्क्याने शून्यावर येते आणि बाईंची वही जवळजवळ दोन टक्क्यांनी, त्याच दिवशी, त्याच हप्त्यांनी. दोन्ही वह्यांतली बेरीज बरोबर आहे. फरक फक्त पहिल्या ओळीचा आहे.

हे सूत्र वापरताना कुठे अडते तेही सांगतो, कारण घरी गेल्यावर तुम्ही करून पाहाल. हप्त्याच्या आकड्यामागे उणे चिन्ह विसरले तर उत्तराऐवजी #NUM! असे येते. आलेला पैसा अधिक, गेलेला पैसा उणे, एवढे लक्षात ठेवा. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. पुष्कळदा चौकटीत नुसते 2% दिसते. तो १.९७७५ आहे, तक्त्याने दशांश लपवलेले असतात. त्या दिसणाऱ्या दोनला तोंडी बाराने गुणले की चोवीस येतात आणि हिशेब उगाच फुगतो. दशांश वाढवून घ्या, किंवा वर दिल्याप्रमाणे सूत्रातच बाराने गुणा. हप्ता आठवड्याचा असेल तर ५२ ने, पंधरवड्याचा असेल तर २६ ने गुणायचे, आणि पहिला आकडाही तितक्याच आठवड्यांचा किंवा पंधरवड्यांचा द्यायचा. हप्ते सारखे नसतील, मधले महिने मोकळे असतील, तर RATE लागूच होत नाही. तिथे तारखा आणि रकमा मांडून XIRR वापरावे लागते.

इथे एक सावधगिरी हवी. XIRR व्याजावर व्याज धरून वर्षाचा दर देते, RATE ला बाराने गुणल्यावर येणारा दर तसा नसतो. आपल्याच कर्जाचा २३.७३ टक्के हा दर चक्रवाढ धरून सांगितला तर २६.४९ टक्के होतो. दोन्ही बरोबर आहेत, पण एका कर्जाचा या पद्धतीचा आणि दुसऱ्याचा त्या पद्धतीचा असे घेऊन तुलना करू नका. कागदावरचा १८ टक्के हा बाराने गुणलेलाच दर असतो, म्हणून त्याच्याशेजारी २३.७३ च ठेवायचा.

आता या कापलेल्या रकमांकडे वळू. प्रक्रिया शुल्क आणि त्याचा कर याबद्दल वाद नाही. विम्याबद्दल मात्र नेहमी सांगितले जाते की तो वेगळा विषय, त्यात तुमचाच फायदा. माझे मत स्पष्ट आहे. तो विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नसेल, तर तो कर्जाचा खर्च आहे. माणसाने स्वतःहून, चार ठिकाणी विचारून घेतलेला विमा वेगळा धरता येईल. आपल्या उदाहरणात विमा वगळून फक्त शुल्क आणि कर धरले, तर हातात ९६,४६० येतात आणि दर सुमारे २१.७ टक्के. म्हणजे अठराशे रुपयांच्या त्या एका ओळीने जवळपास दोन टक्के वाढवले.

पतसंस्थांमध्ये आणखी एक कपात असते, भागभांडवलाची. कर्ज देताना ठरावीक टक्के रक्कम सभासदाच्या नावे शेअर्समध्ये वळती करतात. ती बुडीत नसते, पण हातातही नसते. समजा, एक लाखाचे कर्ज १५ टक्क्यांनी, २४ महिने, हप्ता ४,८४९, शेअर्ससाठी ५,००० आणि शुल्क १,००० कापले. हातात ९४,००० आले. शेवटच्या हप्त्याबरोबर शेअर्सचे पाच हजार परत मिळाले, तर सूत्रात चौथा आकडा येतो:

```
=RATE(24, -4849, 94000, 5000)*12
```

उत्तर सुमारे १७.६ टक्के. तो चौथा आकडा वगळला, म्हणजे पाच हजार परत आलेच नाहीत असे धरले, तर उत्तर २१.४ टक्के. त्या शेअर्सवर लाभांश मिळत असेल तर खरा दर थोडा खाली येईल, आणि पैसे कर्ज फिटल्यावर वर्षभराने मिळाले तर तो १७.६ च्या वर जाईल. म्हणून पतसंस्थेत कर्ज घेताना व्याजाच्या दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की शेअर्सची रक्कम केव्हा आणि कोणत्या अटीवर परत मिळेल. उपविधीत ते लिहिलेले असते. सभासदाला ते मागून वाचता येतात.

यापुढचा मुद्दा वेळेचा आहे. लोक शुल्काची टक्केवारी व्याजाच्या दरात मिळवतात, अठरा आणि पाच तेवीस. आपल्या उदाहरणात ते जवळपास जुळले, पण तो योगायोग आहे. कारण कर्ज दोन वर्षांचे होते. हप्त्याच्या कर्जात सरासरी निम्मी रक्कमच आपल्याजवळ असते, म्हणजे दोन वर्षांचे हप्त्याचे कर्ज हे पूर्ण रकमेच्या एका वर्षाच्या कर्जासारखे. हीच ५,३४० ची कपात, हाच १८ टक्के दर, पण मुदत एक वर्ष केली तर हप्ता ९,१६८ होतो आणि खरा दर २८.७ टक्क्यांवर जातो. मुदत तीन वर्षे केली तर हप्ता ३,६१५ आणि दर २२ टक्के. तोंडी अंदाज घ्यायचा असेल तर कपातीची टक्केवारी मुदतीच्या निम्म्या वर्षांनी भागा आणि कागदावरच्या दरात मिळवा. एक वर्षाला ५.३४ भागिले अर्धा, म्हणजे १०.७ वाढ. तीन वर्षांना भागिले दीड, म्हणजे साडेतीनच्या वर. नेमकी वाढ चार आहे. अंदाज थोडा कमी दाखवतो, पण बाजारात उभ्या उभ्या करायला पुरेसा आहे. यावरून कुणी असे समजू नये की लांब मुदत स्वस्त. दर खाली दिसतो, पण व्याज जास्त वर्षे भरावे लागते आणि एकूण रुपये वाढतात.

लहान मुदतीचा हा परिणाम कर्ज लवकर फेडणाऱ्यालाही गाठतो. आपल्या बाईंनी चोवीस महिन्यांचे कर्ज सहा हप्ते भरून सातव्या महिन्यापूर्वीच मिटवायचे ठरवले. कपाशीचे पैसे आले, देणे डोक्यावर नको म्हणाल्या. सहा हप्त्यांनंतर संस्थेच्या वहीत बाकी ७८,२४६ आहे. मुदतपूर्व फेडीचा आकार काहीच नाही असे धरू. तरी आधी कापलेले ५,३४० परत येत नाहीत. ते चोवीस महिन्यांवर पसरायचे होते, ते सहा महिन्यांवर येऊन पडले.

```
=RATE(6, -4992, 94660, -78246)*12
```

उत्तर ३०.८ टक्के. शेवटची रक्कम त्यांच्या हातून जाते, म्हणून तिला उणे चिन्ह. याचा अर्थ लवकर फेडू नये असा नाही. पुढचे व्याज वाचते ते वाचतेच. पण सहा महिन्यांत पैसे येणार हे आधीच माहीत असेल, तर कापून देणारे कर्ज घेण्याऐवजी थोड्या जास्त दराचे, पण न कापता मिळणारे कर्ज शोधलेले बरे.

मुद्दल म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, हा विचार काही आजचा नाही. १८७५ साली सुप्याला आणि मग पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जाचा हिशेब न्यायालयाने कसा मांडावा हे त्या कायद्यात सांगितले आहे: मुद्दलाच्या खाती ऋणकोला प्रत्यक्ष मिळालेले पैसे धरावेत, व्याजाचे खाते वेगळे ठेवावे. रोख्यावर काय लिहिले आहे यापेक्षा हातात काय पडले हे न्यायाधीशाने शोधायचे होते. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, म्हणून तो कायदा इथे लागू नव्हता, पण महाराष्ट्राच्या पुढच्या कायद्यांत ती कल्पना टिकली. आजच्या २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमातही मुद्दलाची व्याख्या ऋणकोला प्रत्यक्ष दिलेली रक्कम अशीच आहे. म्हणजे परवानाधारक सावकाराने ९४,६६० देऊन लाख लिहिले तर तो कायद्याला धरून नाही.

मग वित्तसंस्थेला हे चालते कसे? रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगर-बँक वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. ते प्रकरण केरळ आणि गुजरातच्या कायद्यांचे होते. या वित्तसंस्थांवर नियंत्रण रिझर्व्ह बँकेचे. आपल्याकडे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अडचणीत आल्यावर गावोगावची माणसे ज्या दारांकडे वळली, त्यांतली बरीच याच संस्थांची होती. त्यामुळे रिझर्व्ह बँक काय म्हणते हे आपल्याला माहीत असायलाच हवे.

१५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले, की किरकोळ कर्जे आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची मुदत कर्जे देताना ऋणकोला मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जांना ते लागू आहे. बँका, सहकारी बँका, बिगर-बँक वित्तसंस्था सगळे त्यात येतात. या पत्रात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो आणि त्यात व्याजाबरोबर शुल्क, तसेच संस्थेमार्फत वसूल होणारे विमा, कायदेशीर खर्च वगैरेही धरावे लागतात. दंड किंवा मुदतपूर्व फेडीचा आकार यांसारखे पुढे लागले तर लागणारे आकार एपीआरमध्ये नसतात, पण वेगळे नोंदवावे लागतात. विवरणपत्र ऋणकोला समजेल त्या भाषेत हवे, आणि त्यात न लिहिलेले शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

परिपत्रकात एक नमुना हिशेब दिला आहे. २०,००० चे कर्ज, १५ टक्के, २४ हप्ते, हप्ता ९७०, एकूण शुल्क ४००, निव्वळ वितरण १९,६००, एपीआर १७.०७. तुम्ही `=RATE(24, -970, 19600)*12` असे लिहिलेत तर १७.१० येते. गोंधळू नका. नेमका हप्ता ९६९.७३ आहे, तो घातला की १७.०७ येते. म्हणजे रिझर्व्ह बँकेची पद्धत आणि आपण इथे केलेली पद्धत एकच: निव्वळ रकमेवर काढलेला महिन्याचा दर, गुणिले बारा. तुमच्या हातातल्या पत्रावरचा एपीआर आणि तुमचे उत्तर यांत पाव-अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला, तर एखादी कपात त्यात धरलेली नाही असे समजून एकेक ओळ तपासा. बहुधा विमा सापडतो. कधी पहिला हप्ताच आधी कापलेला असतो. हप्ता आगाऊ घेऊन व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावणे, करार झाला त्या दिवसापासून पैसे खात्यात येण्याआधीच व्याज धरणे, या प्रथा रिझर्व्ह बँकेला तपासणीत आढळल्या आणि २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने तिने त्यांवर आक्षेप घेतला.

या व्यवस्थेच्या मर्यादाही आहेत. सहकार खात्याच्या नियंत्रणाखालच्या पतसंस्थांना हे परिपत्रक लागू नाही, बचत गटाच्या आपसातल्या कर्जांनाही नाही. तिथे एपीआर कुणी लिहून देणार नाही, स्वतःच काढावा लागेल. आणि जिथे पत्र मिळते तिथेही ते सह्यांच्या गठ्ठ्यात दहावे-बारावे पान म्हणून येते, नि बोट ठेवलेल्या जागी सही होऊन जाते. वास्तविक सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाचे विवरणपत्र दिल्यावर ऋणकोला विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस असतात. त्या मुदतीत त्याने होकार दिला तर त्याच अटींवर कर्ज द्यायला संस्था बांधील असते. "आज सही नाही केली तर दर वाढेल" हे त्या तीन दिवसांत खरे नसते. पत्र घरी न्या, शिकलेल्या पोरीला मोबाइलवर तक्ता उघडायला सांगा.

त्या तीन दिवसांत आपल्या बाई काय करू शकल्या असत्या, ते दाखवून थांबतो. समजा, त्यांना दुसरीकडे २१ टक्क्यांनी, काहीही न कापता, चोवीस महिन्यांचे कर्ज मिळत होते. अठरासमोर एकवीस ठेवले की कुणीही अठराकडे वळेल. लाखाचा हप्ताही पहिल्याचा ४,९९२ आणि दुसऱ्याचा ५,१३९ दिसतो. पण एका कर्जात ९४,६६० मिळतात आणि दुसऱ्यात पूर्ण लाख, म्हणून हे हप्ते असे शेजारी ठेवताच येत नाहीत. बाईंना म्हशींसाठी हातात लाखच हवे आहेत. पहिल्या संस्थेकडून कापून उरलेले लाख हवे असतील, तर कर्ज १,०५,५३६ चे काढावे लागेल, ३.५४ टक्के शुल्क-कर ३,७३६ आणि विमा १,८०० वजा जाऊन बरोबर एक लाख उरतात. १,०५,५३६ चा अठरा टक्क्यांनी हप्ता येतो ५,२६९. एकवीस टक्केवाल्याचा ५,१३९. हातात दोन्हीकडे लाखच, महिने दोन्हीकडे चोवीसच, आणि अठरा टक्के लिहिलेले कर्ज दरमहा १३० रुपयांनी महाग. चोवीस महिन्यांचे ३,१२० रुपये होतात. तेवढ्यात दोन म्हशींची काही दिवसांची ढेप येते.